गर्दी, लहान मुलं आणि लोकेशनची परवानगी टाळून स्क्रिप्ट पुन्हा कशी लिहायची

शॉर्टफिल्मची स्क्रिप्ट लिहून होते, कोणीतरी खर्चाचा आकडा मांडतो आणि लेखकाला सांगितलं जातं, “गर्दीचे सीन काढ, लहान मूल नको आणि परवानगी लागेल अशी जागाही नको.” लेखक घरी जातो, ते सीन खोडतो आणि त्यांच्या जागी फोन कॉल लिहितो. आठवडाभराने नवा ड्राफ्ट येतो तेव्हा गोष्ट तीच असते, पण तिच्यात जीव उरलेला नसतो. मीही हे केलं आहे. माझ्या एका ड्राफ्टमध्ये बारा पानांत सात फोन कॉल झाले होते. वाचणाऱ्याने एवढंच विचारलं, “हे रेडिओसाठी आहे का?”

चूक बहुतेक वेळा एकच असते. सीन काढला जातो, पण तो गोष्टीसाठी काय काम करत होता हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. त्यामुळे ते काम दुसऱ्या कशाला द्यायचं हे कळत नाही आणि सगळा भार संवादांवर पडतो. खालची पद्धत मी एका उदाहरणावर करून दाखवतो.

उदाहरणाची जुनी स्क्रिप्ट

साडेअकरा पानं, नऊ सीन. नेहमीच्या मांडणीत साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, म्हणजे फिल्म साडेअकरा मिनिटांच्या आसपासची.

1. रेल्वे प्लॅटफॉर्म, तुफान गर्दी. बाबांच्या हातात सात वर्षांच्या मुलीचा हात. हात सुटतो. मुलगी दिसेनाशी होते.
2. स्टेशनवरचं ऑफिस. हरवल्याची घोषणा.
3. प्लॅटफॉर्मचं टोक. बाबा लंगडत, धावत येतात. मुलगी सापडते.
4. घर, रात्र. बाबा आईला सांगतात, “हात सुटला.”
5. शाळेचं फाटक. आई मुलीला सोडते, बाबा लांबून बघतात.
6. वीस वर्षांनंतर. हॉस्पिटल, बाबा हृदयाच्या आजाराने दाखल.
7. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, मुलगी आणि नर्स.
8. घर. कपाट आवरताना मुलीला त्या दिवसाचं रेल्वेचं तिकीट सापडतं. एकाच माणसाचं.
9. हॉस्पिटल. मुलगी विचारते. बाबा म्हणतात, “सुटला नव्हता. मी सोडला.”

नऊपैकी सात सीन अडचणीचे आहेत, आणि पहिल्या सीनमध्ये तर तिन्ही अडचणी एकत्र आहेत.

## टप्पा 1 : आधी जुना ड्राफ्ट बंद करा

जुन्या फाइलची प्रत करा, नाव आणि तारीख द्या आणि ती पुन्हा उघडू नका. नवीन ड्राफ्ट कोऱ्या फाइलमध्ये लिहायचा. जुन्याच फाइलमध्ये खोडाखोड करत गेलात की जुन्या सीनची रचना तशीच राहते, फक्त माणसं कमी होतात. प्लॅटफॉर्मचा सीन “रिकामा प्लॅटफॉर्म” होतो. गर्दी गेली म्हणून समाधान वाटतं, पण प्लॅटफॉर्म तिथेच असतो आणि त्याची परवानगीही.

मग गोष्टीचा कणा चार-पाच वाक्यांत लिहा. अट एकच : वाक्यांत जागेचं नाव नको, वय नको, “गर्दी” हा शब्दही नको. आपल्या उदाहरणाचा कणा असा निघतो :

- एका माणसाने एकदा आपल्या मुलीचा हात जाणूनबुजून सोडला, कारण त्याला घर सोडून जायचं होतं.
- तो गेला नाही, परत आला.
- घरच्यांना त्याने अपघात झाला असं सांगितलं, तरीही मुलीच्या बाबतीत त्याच्यावर पुन्हा कोणी भरवसा ठेवला नाही.
- अनेक वर्षांनी मुलीला खरं कळतं.
- आता हात धरायचा की नाही, हे मुलीने ठरवायचं आहे.

यात रेल्वे नाही आणि सात वर्षांची मुलगीही नाही. म्हणजे या गोष्टीला प्लॅटफॉर्म दाखवणं आवश्यक नाही, “सोडला” आणि “सुटला” यांतला फरक आवश्यक आहे.

तपासा : अट पाळून कणा लिहिताच येत नसेल, प्रत्येक वाक्यात जमाव येतच असेल, तर पुढे जाऊ नका. थेट शेवटच्या टप्प्यावर जा.

## टप्पा 2 : प्रत्येक सीनच्या कामाची ओळ

प्रत्येक सीनसमोर एकच ओळ लिहा : हा सीन नसला तर पुढे काय कळणार नाही, किंवा काय वाटणार नाही? “वातावरण निर्माण होतं” हे उत्तर चालणार नाही, ते सगळ्याच सीनबद्दल म्हणता येतं.

सीन 1 : हात गेला हे प्रेक्षकाला कळतं, पण कसा गेला ते नीट दिसत नाही.
सीन 2 : वेळ जातो, भीती वाढते.
सीन 3 : बाबा परत येतात.
सीन 4 : खोटं पहिल्यांदा बोललं जातं.
सीन 5 : भरवसा गेल्याची खूण.
सीन 6 : दोघांना एका खोलीत आणतो.
सीन 7 : काहीच नाही.

सीन 7 सारखा एखादा सीन जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये सापडतो. त्याला पर्याय शोधत बसू नका, काढून टाका. मी असे सीन लिहायला नेहमीच तयार असतो, कारण कॉरिडॉरमध्ये चालत बोलणारी माणसं लिहायला सोपी जातात.

कामाच्या ओळीनंतर प्रत्येक सीनला खुणा करा : ग (गर्दी), म (अठरा वर्षांखालचं कोणीही), प (दुसऱ्या कोणाची संमती लागणारी जागा). खुणा करताना लोक जे विसरतात ते असं : शेजारच्या खोलीत रडणारं बाळ म्हणजे म. सतरा वर्षांची कॉलेजची मुलगीही म, पण ती भूमिका अठरा पूर्ण झालेली अभिनेत्री करू शकत असेल तर ती खूण खोडता येते. कॅफेतल्या “दोघांच्या” सीनला ग आणि प दोन्ही, कारण मागची टेबलं रिकामी ठेवून चालत नाहीत. लिफ्ट, जिना, गच्ची, पार्किंग यांना प, घर तुमच्या मित्राचं असलं तरी.

## टप्पा 3 : सुरुवात मुलांच्या सीनपासून

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मुलं, मग जागा, शेवटी गर्दी. मूल काढलं की गोष्टीचा काळ बदलतो आणि काळ बदलला की अर्धी लोकेशन आपोआप गळून पडतात. लोकेशन बदललं की गर्दीची गरजही बऱ्याचदा संपते. उलट्या क्रमाने गेलात तर प्लॅटफॉर्मची गर्दी कशी कमी दाखवायची यावर दोन दिवस जातात, आणि तिसऱ्या दिवशी कळतं की तो सीनच राहणार नाहीये.

मुलाच्या सीनला साधारण तीन वाटा असतात. पहिली, पात्राचं वय वाढवणं. सात वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांची केली तर? या गोष्टीत हे चालत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीचा हात सोडणं हा गुन्हा वाटत नाही. दुसरी वाट म्हणजे मूल पडद्याबाहेर ठेवून त्याच्या खुणा दाखवणं : दप्तर, छोटी चप्पल, भिंतीवर उंचीच्या रेघा. मूल आत्ता घरात आहे पण सीनमध्ये नाही, अशा गोष्टींना ही वाट बरी. तिसरी वाट म्हणजे गोष्ट त्या मुलाच्या मोठेपणी सुरू करणं आणि जुनी घटना आत्ताच्या माणसांच्या वागण्यातून उलगडणं. आपल्या उदाहरणाला हीच वाट लागू पडते. वीस वर्षांनंतरचा भाग स्क्रिप्टमध्ये आधीच आहे, तिथूनच सुरुवात करायची.

एका फटक्यात सीन 1 ते 5 गेले. पण त्यांची कामं गेलेली नाहीत, ती यादीत तशीच ठेवा. त्यांना नवी जागा द्यायची आहे.

सावधान : “मग मुलाचा नुसता आवाज वापरू” ही पळवाट नाही. आवाज देणारं मूल हेही काम करणारं मूलच असतं, त्यालाही पालकांची संमती आणि तिथले नियम लागू होतात. पाठमोरं मूल आणि नुसता मुलाचा हात यांचंही तेच. मोठ्या माणसाने मुलासारखा आवाज काढला तर प्रेक्षक हसतो. फोटो हवा असेल तर अभिनेत्रीचा स्वतःचा लहानपणीचा फोटो वापरा, तिची लेखी संमती घेऊन. त्यात दुसरी मुलं नाहीत हेही बघा.

## टप्पा 4 : लोकेशन बदलताना कारणही बदला

उरलेली अडचणीची जागा म्हणजे हॉस्पिटल. सोपा मार्ग असा वाटतो की घरातल्या खोलीत पांढरी चादर घालायची, सलाइनचा स्टँड उभा करायचा आणि हॉस्पिटल म्हणून दाखवायचं. दहापैकी नऊ वेळा ते घरच दिसतं. खिडकीच्या ग्रिलवरून, पंख्यावरून, दाराच्या रुंदीवरून प्रेक्षकाला कळतं. जागेची नक्कल करण्यापेक्षा पात्र तिथे का आहे ते कारण बदललेलं बरं.

सीन 6 चं काम होतं “दोघांना एका खोलीत आणणं”. हॉस्पिटलमधून घरी आलेला माणूसही तेच करतो. त्याला हलता येत नाही, मुलगी मदतीला आली आहे, दोघांनाही खोली सोडता येत नाही. हृदयविकाराच्या जागी मी गुडघ्याचं ऑपरेशन घेतलं, कारण वॉकर दिसतो आणि हृदय दिसत नाही. हा गुडघा पुढे आणखी कामाला येणार होता, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

एकाच घरात फिल्म बसवायची ठरली की घर आधी जाऊन पाहा आणि मग सीन लिहा. किती दारं आहेत, कुठून कुठे दिसतं, सकाळचा उजेड कोणत्या खोलीत येतो. मी पाहिलेल्या घरात बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये एक उंच उंबरा होता. वॉकर घेऊन तो ओलांडता येत नाही, कोणाचा तरी हात लागतो. हात धरायचा की नाही हा गोष्टीचा गाभा. प्लॅटफॉर्मचं निम्मं काम त्या उंबऱ्याने केलं. टेबलाशी बसून मला तो सुचला नसता.

तपासा : घर भाड्याचं असेल तर राहणाऱ्याबरोबर मालकाचीही संमती लेखी घ्या, आणि इमारतीत सामान नेण्याबद्दल, रात्रीच्या आवाजाबद्दल तिथल्या व्यवस्थापनाला आधी सांगा. परवानगी टाळायची याचा अर्थ कोणालाच विचारायचं नाही असा नाही. अर्थ एवढाच की कोणाकडे जावं लागेल त्यांची संख्या एक-दोनवर आणायची.

लपूनछपून शूट करण्याचा सल्लाही मिळेल : “लहान कॅमेरा आहे, कोणाला कळतंय?” शूटिंग होऊनही जाईल. पण फिल्म पुढे विकायची किंवा प्रदर्शित करायची वेळ आली की वितरक जागेच्या संमतीचे कागद मागू शकतो, आणि तेव्हा तो सीन पुन्हा शूट करता येत नाही. जो सीन फिल्मला बाहेर पडू देणार नाही, तो लिहू नका.

## टप्पा 5 : गर्दीचं काम कशाला द्यायचं

इथवर आल्यावर आपल्या उदाहरणात गर्दी उरलेलीच नाही, फक्त तिचं काम उरलं आहे. ते काम कोणतं, हे नीट बघा. पहिल्या सीनमध्ये गर्दी भीती दाखवायला नव्हती. ती बाबांची सबब होती : “गर्दी होती, हात सुटला.” म्हणजे गर्दी दाखवायची गरजच नाही, ती बाबांच्या तोंडी असली की पुरे. उलट न दाखवल्याने ती जास्त संशयास्पद वाटते. खरंच एवढी गर्दी होती का, हे प्रेक्षकाला माहीत नसतं.

सगळ्या स्क्रिप्टमध्ये इतकं सोपं जात नाही. गर्दी कधी दबाव म्हणून येते, कधी साक्षीदार म्हणून, कधी एकटेपणा उठून दिसावा म्हणून. दबाव असेल तर पन्नास माणसांऐवजी एकच माणूस ठेवा, पण ज्याच्या मताला पात्र घाबरतं असा. साक्षीदार असतील तर घटना संपल्यावरचा सीन लिहा : सभागृह रिकामं झालंय, खुर्च्या वाकड्यातिकड्या आहेत आणि एक माणूस त्या रचतोय. एकटेपणासाठी आवाज पुरतो, बंद दारामागून येणारा समारंभाचा गोंगाट आणि अलीकडे एकटं पात्र.

आवाज वापरताना एक चूक वारंवार दिसते. पात्र डोळे मिटतं आणि त्याच्या मनात गर्दीचा आवाज सुरू होतो. प्रेक्षकाला लगेच कळतं की इथे फ्लॅशबॅक परवडला नाही. आवाज आत्ताच्या जगातून यायला हवा. उदाहरणात घर रुळांपासून थोडं लांब आहे आणि रात्री अधूनमधून गाडीची शिट्टी ऐकू येते, एवढंच ठेवलं. घोषणा हवी असेल तर खऱ्या स्टेशनचं रेकॉर्डिंग उचलू नका, स्वतः लिहून मोठ्या माणसाकडून म्हणवून घ्या. नेटवरून घेतलेल्या आवाजाचा परवाना वाचा. फुकट मिळणारा प्रत्येक आवाज सगळ्या वापराला मोकळा नसतो.

## टप्पा 6 : माहितीचा हिशोब

हा टप्पा लोक वगळतात आणि गोष्ट इथेच मोडते. एका कागदावर उभ्या यादीत गोष्टीतल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी लिहा. प्रत्येकीसमोर तीन नोंदी करा : प्रेक्षकाला ती कोणत्या सीनमध्ये कळते, पात्राला कधी कळते, आणि कशातून कळते. आधी जुन्या ड्राफ्टची यादी करा, मग नव्याची. दोन्ही शेजारी ठेवा.

माझ्या नव्या ड्राफ्टची यादी करताना एक भोक सापडलं. जुन्या सीन 3 मध्ये बाबा लंगडत परत येताना दिसत होते. नव्यात मुलीला एका माणसाचं तिकीट सापडत होतं, बाबा कबूल करत होते, आणि संपलं. तो परत आला हे घरात बसलेल्या बाबांकडे पाहून कळत होतं, पण कसा आणि किती किंमत मोजून, ते कुठेच नव्हतं. त्यामुळे बाबा नुसतेच निर्दयी झाले आणि शेवटी मुलीने हात का पुढे करावा याला कारण उरलं नाही.

हे संवादातून भरता आलं असतं : “पण मी लगेच परत आलो गं.” असं वाक्य कोणी खरं मानत नाही, मुलगीही मानणार नाही. मग गुडघा आठवला. ऑपरेशन जुन्या दुखापतीमुळे झालं. बाबा आयुष्यभर सांगत आलेत की जिन्यावरून पडलो होतो. मुलीला कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात तिकीट सापडतं आणि त्याच डब्यात गुडघ्यावरच्या उपचाराचा जुना कागद. दोन्हींवर तारीख एकच. सुटलेल्या गाडीतून उडी मारली, हे कोणीही न सांगता कळतं.

सीन 5 चं काम, भरवसा गेल्याची खूण, त्याच डब्यातल्या शाळेच्या कार्डाकडे गेलं. “मुलीला घरी नेण्यास परवानगी असलेल्या व्यक्ती” या रकान्यात आईच्या अक्षरात तीन नावं आहेत : आई, मावशी, शेजारच्या काकू. वडिलांचं नाव नाही. कार्डावर शाळेचं खरं नाव किंवा बोधचिन्ह नको, सगळं स्वतः बनवा. आई आता पडद्यावर येत नाही, फक्त तिचं अक्षर येतं. एक कलाकारही कमी झाला.

नवी रचना अशी झाली :

1. बाहेरची खोली, दिवस. बाबा वॉकर घेऊन घरी येतात. उंबऱ्याशी मुलगी हात पुढे करते. ते चौकट धरतात, हात धरत नाहीत. (1 पान)
2. आतली खोली, संध्याकाळ. व्यायामाच्या उपचारासाठी मुलगी फॉर्म भरतेय. “जुनी इजा?” “जिन्यावरून पडलो होतो.” जुना कागद शोधताना शाळेचं कार्ड सापडतं. “हात सुटला होता ना तुझा, तेव्हापासून. गर्दी होती.” (2 पानं)
3. आतली खोली, रात्र. मुलगी एकटी. तिकीट, उपचाराचा कागद, तारखा. संवाद नाही. (1 पान)
4. बाहेरची खोली, पहाट. (अडीच पानं)
5. उंबरा, सकाळ. (1 पान)

साडेसात पानं, एक घर, दोन माणसं, दोघंही सज्ञान.

तपासा : एकच डबा सगळ्या गुपितांचा खजिना झालाय का? माझ्या मते तीन कागद ही मर्यादा आहे, आणि तेही एकाच सीनमध्ये सापडू नयेत. म्हणून कार्ड दुसऱ्या सीनमध्ये आणि बाकीचे दोन तिसऱ्यात.

## टप्पा 7 : उलगड्याचा सीन

घटना दाखवता येत नाही म्हटल्यावर ती सांगावी लागते, आणि सांगण्याचा सीन म्हणजे दोन माणसं बसून भूतकाळ आठवत आहेत असं होतं. ते टाळायला मी दोन गोष्टी पाळतो. सांगणाऱ्याला सांगायचं नसलं पाहिजे. आणि ऐकणाऱ्याला अर्धं आधीच माहीत असलं पाहिजे, म्हणजे ती खोटं पकडू शकते. चौथ्या सीनचा मधला भाग असा लिहिला :

घर – बाहेरची खोली – पहाट

बाबा खुर्चीत. ऑपरेशनचा पाय स्टुलावर. लांबून गाडीची शिट्टी. मुलगी येते आणि टेबलावर तिकीट ठेवते. बाबा बघतात, उचलत नाहीत.

मुलगी : चष्मा देऊ?

बाबा : नको.

मुलगी : एकाचंच आहे.

बाबा पाय खाली घ्यायचा प्रयत्न करतात.

बाबा : वॉकर दे जरा.

मुलगी वॉकर देत नाही.

बाबा : खूप गर्दी होती गं. हात...

मुलगी : हिसका बसला नव्हता, बाबा. गर्दीत हात सुटला तर हिसका बसतो. मला नुसता तळहाताला वारा लागलेला आठवतो.

शांतता. पुन्हा शिट्टी.

बाबा : गाडी हलली होती. मी दारात उभा होतो. तू रडत नव्हतीस. हाताकडे बघत होतीस आपल्या.

मुलगी त्यांच्या गुडघ्याकडे बघते.

मुलगी : म्हणजे जिना नव्हता.

बाबा : नाही.

“मी सोडला” हे वाक्य, ज्यासाठी जुनी स्क्रिप्ट लिहिली होती, इथे आलंच नाही. मी ते घालून पाहिलं, सीन तिथेच थांबला. “हिसका” आल्यावर त्या वाक्याला काही काम उरत नाही. पुनर्लेखनात आपलं सर्वांत आवडतं वाक्य असं गळू शकतं. ते वाचवायला सीन वाकवू नका.

या देवघेवीत काहीतरी गेलंही आहे. हरवलेल्या मुलीची दहा मिनिटांची भीती प्रेक्षकाला आता प्रत्यक्ष मिळत नाही, जुन्या सीन 2 चं काम पूर्ण भरून निघालेलं नाही. तळहाताचा वारा त्यातला थोडा भाग परत आणतो. बाकीचं मी सोडून दिलं, कारण कण्याच्या पाच वाक्यांत ती भीती नव्हती.

सावधान : हा सीन लिहून झाल्यावर त्यातले “आठवतं का”, “त्या दिवशी”, “तेव्हा तू लहान होतीस” असे शब्द शोधा. पात्र एकमेकांना माहीत असलेलं प्रेक्षकासाठी बोलत असेल तर ते असल्याच शब्दांनी सुरू होतं.

## टप्पा 8 : लपलेल्या अडचणींची चाळणी

नवा ड्राफ्ट हातात घेऊन आता फक्त वर्णनाच्या ओळी वाचा, संवाद सोडून. मुद्दाम खोडलेल्या गोष्टी इथून मागच्या दाराने परत येतात. माझ्या ड्राफ्टमध्ये पहिल्या सीनची सुरुवात होती “रिक्षातून उतरतात”. म्हणजे रस्ता, वाहन आणि बघे. ती ओळ “दार उघडतं” अशी झाली. दुसऱ्या सीनमध्ये “टीव्ही चालू आहे” असं सहज लिहिलं होतं. पडद्यावर जे काही चालेल त्याचे हक्क कोणाचे तरी असतात, म्हणून टीव्ही बंद केला. तिसऱ्यात “खिडकीतून समोरची शाळा” आली होती. ती का आली कुणास ठाऊक, बहुधा जुन्या सीन 5 ची सवय.

गणवेश, रेडिओवरचं गाणं, भिंतीवरचं ओळखीचं पोस्टर, फाइलवरचं हॉस्पिटलचं नाव, बाल्कनीतून दिसणारे शेजारी हेही याच चाळणीत तपासा. प्रत्येकाला एकच प्रश्न : हे काढलं तर कामाची ओळ बदलते का? नाही बदलत, तर काढा.

मग स्क्रिप्ट अशा माणसाला वाचायला द्या ज्याने जुना ड्राफ्ट पाहिलेला नाही. त्याला काढलेल्या सीनबद्दल काही सांगू नका. वाचून झाल्यावर गोष्ट तोंडी सांगायला लावा आणि तुमच्या पाच वाक्यांशी ताडून पाहा. एखादं वाक्य त्याच्या सांगण्यात आलं नाही तर त्या वाक्याचा सीन कमी पडतोय. “इथे काहीतरी कापल्यासारखं वाटतं” असं तो म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या पानावर एखादी वस्तू पेरायची राहिलेली असते. दोष त्या जागेचा नसतो. आमच्या वाचकाने गुडघ्यापाशी हे म्हटलं होतं. फॉर्ममधला “जुनी इजा?” हा प्रश्न त्यानंतर आला.

## टप्पा 9 : कुठे थांबायचं

काही गोष्टींमध्ये जमाव हेच पात्र असतं. एका माणसाला सगळ्या वस्तीने घेरलंय आणि वस्ती हळूहळू बदलते, अशा गोष्टीत वस्ती काढून एक माणूस ठेवला तर ती दुसरीच गोष्ट होते. मुलाच्या डोळ्यांतून दिसणारी गोष्टही तशीच. तिथे मोठेपणीची आठवण म्हणजे त्या गोष्टीचा सारांश उरतो.

अशा वेळी अडचणीचे सगळे सीन अर्धेमुर्धे वाचवण्यापेक्षा एक ठेवा आणि बाकीचे वरच्या पद्धतीने काढा. जो ठेवाल तो कमीत कमी वेळात शूट होईल असा लिहा : दिवसाचा, एकाच जागेचा, मुलाला संवाद नसलेला, एक पानापेक्षा कमी. त्याची संमती, पालक आणि परवाने रीतसर करा. त्या एका सीनसाठीही पैसे किंवा वेळ नसेल तर ती स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवा आणि दोन माणसांची दुसरी गोष्ट घ्या.